पॉइंट टूच्या नोजलमधला भुसा

मशीन मी आणलं होतं. हे मी आधी सांगून टाकतो, कारण त्या काळात येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला मी हेच आधी सांगायचो.

सव्वीस वर्षं मी लालबागच्या एका कारखान्यात टूलरूमला ड्राफ्ट्समन होतो. कारखाना गेला आणि मी फणसवाडीतल्या आमच्या दोन खोल्यांत दिवसभर दिसू लागलो. थ्रीडी प्रिंटर घेतला तो तेव्हा. मिक्सरची बटणं, खिडकीच्या कड्या, जुन्या पंख्याचे न मिळणारे भाग असं काहीबाही करायचं माझ्या डोक्यात होतं. मशीन खिडकीशेजारच्या टेबलावर बसलं. तिथे पूर्वी माझ्या बायकोचं रुखवताचं सामान असायचं.

बायको लग्नाच्या आधीपासून रुखवत करायची. थर्माकोल, काड्या, मणी, जिलेटिन यांतून ती तुळशीवृंदावन, जातं, विहीर, पाळणा असं सगळं उभं करायची. गिरगावातल्या निम्म्या मुली तिने केलेलं रुखवत घेऊन सासरी गेल्या असतील. माझं मशीन आलं तेव्हा तिने महिनाभर त्याकडे बघितलंही नाही. मग एकदा दुपारी म्हणाली, ‘‘अहो, ह्यावर वृंदावनाची कमान होईल का हो?’’ मी तिला दाखवलं. कॉम्प्युटरवर आकृती कशी काढायची, ती कापून थर कसे करायचे, प्लास्टिकचा दोरा वरून कसा आत जातो, खाली पितळेच्या नोजलमधून वितळून कसा बाहेर येतो, हे सगळं मीच तिला शिकवलं. तिने वहीत लिहून घेतलं.

सहा महिन्यांत मशीन तिचं झालं.

कुणी भांडून घेतलं नाही. लोक तिच्याकडे येत, तिला विचारत. मी दार उघडलं की, ‘‘वहिनी आहेत का?’’ एका बाईने तर फोनवर कुणाला तरी माझ्यासमोरच सांगितलं, ‘‘अगं, वहिनींचे मिस्टर आहेत ना, त्यांच्याकडे निरोप ठेवलाय.’’ मी तो निरोप दिला. पण त्या संध्याकाळी जेवताना भाजीत मीठ जास्त झालंय असं दोनदा म्हणालो. मीठ बरोबर होतं.

मला सगळ्यात जास्त काय लागायचं, तेही सांगतो. तिच्या कामातला नीटनेटकेपणा लागायचा. मायक्रॉनमध्ये मोजायला मी शिकलो होतो, आणि ती मोजायची पाकाच्या भाषेत. नोजल चोंदलं की ते साफ करायची एक पद्धत असते, कोल्ड पुल म्हणतात. नोजल पूर्ण तापवायचं, दोरा हाताने आत दाबायचा, मग तापमान उतरू द्यायचं. आतलं प्लास्टिक धड पातळही नसतं आणि धड कडकही नसतं, अशा वेळी दोरा एका झटक्यात वर ओढायचा. नोजलच्या आतला सगळा गाळ त्याला चिकटून बाहेर येतो. आमच्या दोऱ्याला नव्वद अंशांच्या आसपास ते जमतं. मी नव्वदवर ओढलं की कधी लोंबणारी तार यायची, कधी दोरा मध्येच तुटून अर्धा आत राहायचा. ती आकड्याकडे बघायची, पण ओढायची मात्र दोऱ्यावरची बोटं सांगतील तेव्हा. ‘‘गोळीबंद पाक झाला की कळतं ना, तसं,’’ असं म्हणायची. तिच्या हातात यायचं ते टोक बघण्यासारखं असायचं. नोजलच्या आतल्या पोकळीचा हुबेहूब ठसा, खाली निमुळता आणि टोकाला केसाएवढा.

आणि त्या टिकल्या! आमच्याकडे तीन मापांची नोजलं होती. पॉइंट टू, पॉइंट फोर, पॉइंट सिक्स, म्हणजे भोकाचा व्यास तितका मिलिमीटर. नेहमीच्या कामाला पॉइंट फोर. पॉइंट सिक्सने थर जाड पडतो आणि काम झपाझप उरकतं, पण कोपरे बोथट येतात, नक्षी भरून जाते. पॉइंट टूने नाकातल्या नथीचा मोतीसुद्धा येतो, पण वेळ इतका खातो की दोन दिवस मशीनसमोरून उठायची सोय नाही, आणि धुळीचा कण अडकला तरी चोंदतं. नोजलवर आकडा कोरलेला असतो, पण तो आमच्या वयाच्या डोळ्यांना दिसत नाही. म्हणून तिने स्वतःची खूण लावली. मशीनच्या कपाळावर पॉइंट सिक्सला मोठी मरून टिकली, पॉइंट फोरला मधली लाल, पॉइंट टूला बारीक काळी. नोजल बदललं की टिकली बदलायची. मी हसलो होतो. ‘‘टूलरूममध्ये असं चाललं असतं ना, तर फोरमनने बाहेर काढलं असतं.’’

‘‘तुमच्या फोरमनला टिकली कोण लावणार होतं?’’ ती म्हणाली.

आमच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर एक मालवणकडच्या काकी राहतात. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं, दादरच्या एका हॉलमध्ये, रविवारी सकाळचा मुहूर्त. चाळ रिकामी करायच्या नोटिसा तेव्हा लागल्या होत्या. मुलीला रुखवतात बाकी काही नको होतं. ती म्हणाली, ‘‘मला आपली चाळ हवी. आपलीच. गॅलरीच्या गजांसकट.’’

आमच्या चाळीच्या गॅलऱ्यांना लाकडी गज आहेत, तीन सेंटिमीटर जाडीचे. लहानपणी सगळ्यांनी त्यातून डोकी घालून ओरडा खाल्लेला आहे. बायकोने शिवणाची टेप घेऊन सगळी चाळ मोजली. मी शंभराला एक असं प्रमाण सुचवलं. मुख्य म्हणजे ते मी सुचवलं. त्या मापात गज पॉइंट थ्रीचा होतो. पॉइंट फोरच्या नोजलला तो काढताच येत नाही. थर कापणारा प्रोग्राम तेवढी रेष वगळूनच टाकतो, आणि पडद्यावर गजांशिवायची चाळ दिसते. मी म्हटलं, ‘‘गज जाड कर. पॉइंट सिक्सने सगळं एका दिवसात होईल.’’

‘‘मग ती चाळ कसली? तो तुरुंग दिसेल,’’ ती म्हणाली. ‘‘पुढची भिंत मी पॉइंट टूने करणार. खिडक्या, गज, सगळं एकात. बाकीची चाळ सिक्सने.’’

ते बरोबर होतं. मला बरोबर आहे हे कळलं होतं, आणि म्हणून मी आणखी पाच मिनिटं वाद घातला.

लग्नाच्या आदल्या आठवड्यात, शनिवारी, तिची आई आजारी असल्याचा फोन आला आणि ती दोन दिवसांसाठी घोडपदेवला माहेरी गेली. निघण्याआधी तिने पॉइंट टूचं नोजल चढवून ठेवलं होतं, आल्या आल्या कामाला लागता यावं म्हणून. बारीक काळी टिकली लावलेली होती.

रविवारी मी एकटा होतो. माझ्या मनात एक गोष्ट बरेच दिवस होती. लाकडाचा भुसा मिसळलेला एक दोरा मिळतो. त्याची वस्तू खरोखर लाकडी वाटते, वासही येतो. तो मी गुपचूप आणून कपाटात ठेवला होता. त्या मुलीच्या रुखवतासाठी मी एक चौरंग करणार होतो, कातीव पायांचा. ती चाळ मांडतील ना टेबलावर, तिच्याशेजारी माझा चौरंग. कुणीतरी विचारावं, हे कुणी केलं? आणि काकी म्हणाव्यात, हे भाऊंनी केलं हो. एवढंच. पन्नाशी उलटलेल्या माणसाची ही इच्छा होती.

भुशाचा दोरा पॉइंट टूमधून जात नाही. भुशाचा कण भोकाच्या मानाने मोठा असतो. नोजल पॉइंट फोरचं तरी घालावंच, सिक्स असेल तर उत्तम, हे अशा दोऱ्याच्या कुठल्याही डबीवर लिहिलेलं असतं. आणि मशीनवर काळी टिकली होती. मी ती पाहिली. पुढे कधीतरी मी स्वतःलाच सांगून पाहिलं की मी ती पाहिली नव्हती, पण ते खोटं आहे. मी टिकली पाहिली आणि मनात म्हटलं, टिकल्या बघून मशीन चालवणार नाही. ड्रॉवरमध्ये भिंग होतं. आकडा वाचायचा तर ते काढायला लागलं असतं, आणि भिंग काढलं असतं तर टिकली खरी ठरली असती. कालपरवा तर ती कुणाच्या तरी मोदकाच्या साच्याचं काम पॉइंट फोरने करत होती, तेच असणार, असं मी ठरवून टाकलं आणि कॉम्प्युटरवर पॉइंट फोर निवडून चौरंग सुरू केला.

पहिल्या थराची रेष केसासारखी आली. मग दोरा ढकलणारं दातेरी चाक टकटक वाजायला लागलं. पुढे दोरा जात नाही आणि चाक घसरतंय, तो आवाज. पाच-सहा मिनिटांत नोजलमधून काहीही येईना. नुसती उदबत्तीसारखी बारीक धुराची रेघ आणि करपलेल्या लाकडाचा वास.

मी नोजल आणखी तापवलं. खालून सुई घातली. सुईने कचरा बाहेर येत नाही, वर ढकलला जातो. मला ते माहीत होतं, तिने वहीत लिहिलेलं होतं, तेही मीच सांगितल्यावरून. कोल्ड पुल करायला हवा होता. एकदा केला, दोरा तुटला. परत केला, लोंबती तार आली. मग मी पांढरा दोरा आत ढकलत राहिलो, तो पांढरा येईपर्यंत. आला. बारीक येत होता, जरा वाकडा येत होता, पण येत होता. मी टेबल पुसलं, भुशाचा दोरा परत कपाटात कपड्यांखाली ठेवला, आणि खिडकी उघडून पंखा लावला.

ती सोमवारी संध्याकाळी आली. मी तिला काही सांगितलं नाही. माझा विचार असा होता की चालेल कदाचित. आणि त्याखाली दुसरा विचार होता, तो असा की नाही चाललं तर बघू तिच्या हातात काय जादू आहे. ह्या दुसऱ्या विचारासाठी मी हे लिहायला बसलोय.

मंगळवारी सकाळी तिने पुढच्या भिंतीचा पहिला भाग लावला. दुपारपर्यंत बरा आला. तळमजल्याच्या खिडक्या, पहिल्या गॅलरीचे गज, दाराच्या चौकटीसुद्धा. ती मधूनमधून उठून बघत होती आणि स्वतःशी हसत होती. चारच्या सुमाराला गज विरळ व्हायला लागले. एक आला, एक नाही. मग चाक वाजलं. टक, टक.

तेवढ्यात काकी आल्या. हातात फराळाची वाटी. दारातूनच, ‘‘काय गो, खंयपर्यंत इली आमची चाळ?’’

बायको मशीन थांबवत होती. तिने अर्धवट भिंत उचलून उजेडात धरली. दुसऱ्या गॅलरीत दात पडल्यासारखं दिसत होतं.

‘‘ह्या काय झाला?’’ काकी म्हणाल्या.

‘‘कळत नाही हो. नोजल चोंदलंय वाटतं. मी तर साफ करून लावलं होतं.’’

आणि मी बोललो. खुर्चीत बसल्या बसल्या, पेपर खाली न ठेवता. ‘‘मी सांगत होतो हिला, पॉइंट टूचा हट्ट धरू नकोस. इतकं बारीक नोजल ह्या हवेत चोंदणारच. पण आमचं कोण ऐकतंय?’’

काकी माझ्याकडे बघून म्हणाल्या, ‘‘होय तर भाऊ, तुमका माहीत असतला. कारखान्यात होतात.’’ मग तिच्याकडे वळून, जरा काळजीने, ‘‘वहिनी, होईल मा रविवारपर्यंत? पोरीन तेवढाच मागल्यान.’’

बायकोने माझ्याकडे बघितलंही नाही. तिने हातातल्या भिंतीकडे बघितलं. तिचा चेहरा पडला होता, आणि तो पडलेला बघून मला क्षणभर चक्क बरं वाटलं. दोन-तीन सेकंदच. पण वाटलं.

काकी गेल्यावर ती म्हणाली, ‘‘माझंच चुकलं का हो? सिक्सनेच करायला हवं होतं?’’

ती मला क्वचितच असं विचारते. मी पेपरचं पान उलटलं आणि म्हटलं, ‘‘आता बोलून काय?’’

बुधवारी सकाळी ती लॅमिंग्टन रोडला जाऊन आली. पॉइंट टूचं नोजल दुकानात नव्हतं. फोर हवं तितकं, सिक्सही होतं. टू कुणी मागत नाही, मागवावं लागेल, सोमवारी या, असं सांगितलं त्यांनी. ती परत आली, चप्पल काढली, पदर खोचला आणि म्हणाली, ‘‘अहो, जरा टॉर्च धरा.’’

मी टॉर्च धरली. तिने नोजल दोनशे वीसवर तापवलं, पांढऱ्या दोऱ्याचा तुकडा घेतला आणि अंगठ्याने दाबत आत घातला. खालून थेंबभर पांढरं आलं, वाकडं. तिने तापमान उतरवलं. दीडशे. एकशे वीस. शंभर. आम्ही दोघे आकड्याकडे बघत होतो. तिची दोन बोटं दोऱ्यावर होती, नाडी बघावी तशी. ब्याण्णव आला आणि तिने दोरा ओढला. सपकन वर आला.

टोक निमुळतं आलं होतं, हुबेहूब. शेवटचा केसाएवढा भाग मात्र नव्हता, आणि टोकाच्या सगळ्या अंगाला तपकिरी, करपलेले कण चिकटले होते. तिने ते टॉर्चच्या उजेडात फिरवलं.

‘‘हे काय?’’

मी टॉर्च दुसऱ्या हातात घेतली.

तिने ते टोक नाकाशी नेलं. तिचं नाक असं आहे की आमटी जळायच्या आधी तिला कळतं. ‘‘लाकूड,’’ ती म्हणाली.

तिने दोऱ्याचं ते टोक कापून टेबलावरच्या कागदावर ठेवलं. परत तापवलं, परत दाबलं, परत थांबलो. दुसरं टोक आलं, तपकिरी कमी. तेही पहिल्याशेजारी ठेवलं. तिसरं. चाळीत दुपारची शांतता होती, खाली कुणीतरी बादली ठेवली तो आवाज आला. चौथ्या टोकाला फक्त एक ठिपका होता. पाचवं स्वच्छ आलं, पांढरं, टोकाचा केससुद्धा आला. पाच टोकं कागदावर ओळीने, तपकिरीपासून पांढऱ्यापर्यंत.

मग ती म्हणाली, ‘‘मी दोन दिवस आईकडे होते.’’

मी म्हटलं, ‘‘हो.’’

‘‘टिकली लावून गेले होते.’’

‘‘हो. बघितली मी.’’

मी तिला सगळं सांगितलं. चौरंगाचं, कपाटातल्या दोऱ्याचं, सुईचं. भिंगाचंही सांगितलं. काकींसमोर मला कसं वाटलं, ते तेवढं सांगितलं नाही. पण मला वाटतं ते तिला त्याच वेळी दिसलं होतं.

ती चिडेल असं मला वाटत होतं. ती चिडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, ‘‘रात्रभर मला झोप नाही. मला वाटलं माझे डोळे गेले, हात गेला. मी वहीत शोधत बसले काय चुकलं म्हणून.’’ मग कागदावरची टोकं गोळा करत, ‘‘काकींना सांगा.’’

‘‘काय सांगू?’’

‘‘त्यांच्यासमोर बोललात ना? त्यांनाच सांगा.’’

आणि ती कामाला लागली. आता पुढची अख्खी भिंत पॉइंट टूने करायला वेळ नव्हता. तिने गणित मांडलं. भिंती, मजले, जिना, छप्पर सगळं पॉइंट सिक्सने, जाड थरात. पॉइंट टूने फक्त गॅलरीचे गज आणि खिडक्यांच्या झडपा, पट्ट्या पट्ट्या आडव्या झोपवून, मागाहून चिकटवायच्या. मागच्या बाजूच्या गॅलरीला गज करायचेच नाहीत, ती बाजू हॉलच्या भिंतीकडे ठेवायची. आधी टूचं काम, नोजल स्वच्छ आहे तोवर. मी म्हटलं, ‘‘हे चांगलं आहे.’’ ती म्हणाली, ‘‘हे दुसऱ्या नंबरचं चांगलं आहे.’’

मी तिसऱ्या मजल्यावर गेलो. जिना चढताना वाक्य तयार केलं होतं. काकी तांदूळ निवडत होत्या. मी म्हणालो, ‘‘काकी, ते नोजलचं... मशीनमध्ये आधीचा कचरा अडकला होता. हिची चूक नव्हती.’’

‘‘मगे साफ झाला मा?’’

‘‘झालं.’’

‘‘झाला तर,’’ त्या म्हणाल्या.

आधीचा कचरा! कुणाचा, ते मी सांगितलं नाही. खाली आल्यावर बायकोने विचारलं, ‘‘सांगितलंत?’’ मी म्हटलं, ‘‘सांगितलं.’’ तिने माझ्याकडे नीट बघितलं आणि परत मशीनवरच्या पट्ट्या सोडवायला लागली.

शनिवारी दुपारपर्यंत चाळ उभी राहिली. गज मी चिकटवले. ते तिने मला दिलेलं काम होतं, चिमट्याने एकेक पट्टी, आणि ते मला चांगलं जमलं. भिंतीला जाड थरांच्या रेघा दिसत होत्या. बारीक नोजलने त्या दिसल्या नसत्या. जुन्या भिंतीवरच्या चुन्यासारख्या दिसतात, असं आम्ही एकमेकांना सांगितलं. तिने ते माझ्या समाधानासाठी मान्य केलं.

रविवारी दादरला हॉलमध्ये रुखवताचं टेबल मांडलं. लाडवांची ताटं, भातुकली, आणि मधोमध चाळ. लोक वाकून बघत होते. नवरी शालू सांभाळत आली, टेबलासमोर खाली बसली आणि तिसऱ्या मजल्याच्या गजांतून आत बघायला लागली. तिचा मेकअप बिघडेल म्हणून कुणीतरी ओरडलं. एक म्हातारे गृहस्थ बोट लावून म्हणाले, ‘‘आमची ही खोली. इथे सायकल असायची.’’ जो तो विचारत होता, कुणी केलं? आणि मी तिथेच उभा होतो, इस्त्रीच्या कुर्त्यात.

काकी आल्या. माझ्या पाठीवर हात ठेवून चारचौघींना म्हणाल्या, ‘‘ह्या आमच्या भाऊंमुळे झाला हा. आयत्या वेळी मशीन बंद पडला, वहिनी तर रडकुंडीला इली होती. भाऊंनी कचरो काढून दिल्यानी म्हणून नायतर काय खरा नव्हता.’’

बायको ताटावरची जाळी नीट करत होती. तिने मान वर केली.

जे मला दोन वर्षं हवं होतं ते मला मिळालं होतं. चार बायका कौतुकाने माझ्याकडे बघत होत्या. मला वाटतं आणखी एक क्षण थांबलो असतो तर मी हसून ते घेतलं असतं. तशी तयारीही चेहऱ्याने केली होती.

‘‘काकी,’’ मी म्हणालो, ‘‘कचरा मी घातला होता. ही नव्हती तेव्हा मी नको तो दोरा घातला आणि चोंदवलं. काढला हिने. आणि तुमच्यासमोर हिलाच बोललो.’’

काकींनी माझ्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. मग काकी खळखळून हसल्या. ‘‘बघा, बघा! बायकोक किती सांभाळून घेतत! आमच्यांक सांगा जरा.’’ बाकीच्या बायकाही हसल्या. एक म्हणाली, ‘‘नशीब लागतं असा नवरा मिळायला, वहिनी.’’

मी पुन्हा सांगायचा प्रयत्न केला. जितकं सांगितलं तितका मी चांगला ठरत गेलो. शेवटी मुहूर्त जवळ आला म्हणून सगळे अक्षता घ्यायला धावले, आणि टेबलापाशी आम्ही दोघेच राहिलो.

‘‘मी खरंच सांगत होतो,’’ मी म्हणालो.

‘‘ऐकलं मी,’’ ती म्हणाली. ‘‘बुधवारी सांगायला हवं होतंत. तेव्हा त्यांनी विश्वास ठेवला असता.’’

तिने एक सुटलेला गज नखाने आत दाबला आणि माझ्या हातात अक्षता दिल्या.

मशीन अजून खिडकीशेजारी आहे. चाळीतली घरं एकेक करून रिकामी होताहेत, आम्ही अजून आहोत. मत्सर गेला असं मी म्हणणार नाही. परवाच एक बाई दारात येऊन म्हणाली, वहिनी आहेत का, आणि माझ्या आत ते जुनं टकटक वाजलं. पण एक बदल झालाय. त्या लग्नानंतर आठवडाभराने तिने टिकल्यांचं पाकीट माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाली, ‘‘इथून पुढे नोजल तुम्ही बदलायचं, टिकली तुम्ही लावायची, आणि कोल्ड पुलही तुम्हीच करायचा. माझे हात दुखतात.’’ तिचे हात दुखत नाहीत.

अजून माझा दोरा कधी कधी तुटतो. मग ती स्वयंपाकघरातून नुसतं म्हणते, ‘‘घाई केलीत.’’ जमला की मी ते टोक उजेडात धरून बघतो, सगळ्या बाजूंनी, आणि तिला नेऊन दाखवतो. ती पिठाच्या हातांनी ते घेते, नाकाशी नेते, आणि मग परत देते.